चल रे भोपळ्या इंग्रजीत: शालेय वाचनपुस्तकासाठी लोककथा सांगताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्यामुळे मराठी शाळांमध्ये सोप्या इंग्रजी गोष्टींची गरज सतत असते. अशा पुस्तकात मराठी लोककथा घ्यायची ठरली की शिक्षक आणि लेखक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच आहे: लेकीकडे निघालेली म्हातारी आणि तिचा भोपळा. वाचक चौथी-पाचवीचा धरला आहे. इंग्रजी ओळी मुद्दाम देवनागरीत लिहिल्या आहेत, कारण इथे स्पेलिंगपेक्षा ठेका ऐकायचा आहे. त्या मोठ्याने म्हणून पाहा.

ही गोष्ट मुलांना आधीच ठाऊक असते. मग ती इंग्रजीत कशाला?

ठाऊक असते म्हणूनच. मुलाला गोष्ट माहीत असली की त्याला फक्त भाषेशी झुंजावं लागतं, कथानकाशी नाही. 'देन शी मेट अ टायगर' हे वाक्य वाचताना वाघ येणार हे त्याला आधीच कळलेलं असतं. शब्द अडला तरी तो अंदाजाने पुढे जातो. अनोळखी गोष्टीत तोच शब्द त्याला थांबवतो.

यात एक धोकाही आहे. मुलाच्या कानात मूळ ठेका बसलेला असतो. इंग्रजी ओळ लंगडी असेल तर ते त्याला लगेच कळतं, आपल्याला कळण्याच्या आधी.

सुरुवात 'वन्स अपॉन अ टाइम'ने करावी का?

चालेल, पण आधी मराठी सुरुवात नेमकी काय करते ते पाहा. आपण 'एक म्हातारी होती' असं क्वचितच म्हणतो. आपण म्हणतो, 'एक होती म्हातारी.' क्रियापद आधी, म्हातारी नंतर. क्षणभर ऐकणाऱ्याला वाटतं, कोण होती? आणि मग म्हातारी समोर येते. सुदैवाने इंग्रजीत हीच चाल तयार मिळते: 'देअर वॉज वन्स ॲन ओल्ड वुमन.' इथेही म्हातारी शेवटी येते. 'ॲन ओल्ड वुमन लिव्ह्ड इन अ व्हिलेज' लिहिलंत तर माहिती तीच राहते, पण गोष्ट सांगणारा माणूस नाहीसा होतो.

व्रताच्या कहाण्यांची सुरुवात वेगळी, 'आटपाट नगर होतं.' तिथे जरा जपून. सी. ए. किंकेड यांनी १९१४ साली या कहाण्या 'डेक्कन नर्सरी टेल्स' या पुस्तकात इंग्रजीत आणल्या, तेव्हा त्यांनी आटपाट हे गावाचं नावच करून टाकलं. आपल्या कानाला आटपाट हे नाव नाही, ते नगराचं विशेषण आहे, आणि त्याहून जास्त 'आता गोष्ट सुरू झाली' अशी खूण आहे. तरीही मला ती चूक पूर्ण चूक वाटत नाही. 'देअर वॉज अ टाउन कॉल्ड आटपाट' हे इंग्रजीत म्हणायला छान वाटतं, आणि प्रत्येक गोष्टीच्या आरंभी तेच गाव आलं की मूल ती खूण ओळखतं. अर्थ हरवला, काम मात्र टिकलं. ठेका सांभाळताना असे सौदे करावेच लागतात. सौदा करतो आहोत हे लेखकाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

ठेका म्हणजे यमक का? इंग्रजीत यमक जुळवायलाच हवं का?

नाही. आणि बहुतेक मसुदे इथेच बिघडतात.

म्हातारीचं म्हणणं घेऊ. घरोघरी थोडा फरक पडतो, पण साधारण असं असतं: 'लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.' जाईन, खाईन, होईन हे यमक मराठीने फुकट दिलेलं आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि भविष्यकाळाचा प्रत्यय एकच, म्हणून ते आपोआप जुळतं. इंग्रजीत क्रियापद मध्ये येतं. मग लेखक शेवटी जुळणारा शब्द शोधायला निघतो आणि भलतीकडेच पोचतो. माझ्या पहिल्या मसुद्यात म्हातारी म्हणत होती, 'लेट मी गो, लेट मी ईट, रोटीज ॲट माय डॉटर्स फीट.' यमक जुळलं, आणि म्हातारी लेकीच्या पायाशी बसून जेवायला लागली.

यमक सोडा आणि टाळी वाजवून पाहा. मराठी ओळींत प्रत्येकी दोन ठोके पडतात: लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन. चौथी ओळ आखूड आहे आणि 'खा'वर एकदम थांबते. आता इंग्रजीतही दोनच ठोके ठेवा:

आय'ल गो टु माय डॉटर,
आय'ल ईट घी अँड रोटी,
आय'ल ग्रो नाइस अँड फॅट,
अँड देन यू कॅन ईट मी.

शेवटच्या अक्षरांनी जे काम मराठीत केलं, ते इथे ओळीच्या आरंभीच्या 'आय'ल'ने केलं आहे. तीन ओळी एकाच शब्दाने सुरू होतात आणि चौथी ते मोडते. 'रोटी' आणि 'ईट मी' यांचे शेवट कानाला थोडे जुळतात, ते आयतंच हाती आलं. शोधायला गेलो असतो तर सापडलं नसतं.

इथे 'आय विल' लिहू नका. व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर आहे, पण एक जादा अक्षर घुसतं आणि टाळी चुकते. चौथीच्या मुलाला हे आखूड रूप आधी शिकवलं नसेल तर याच गोष्टीच्या आधी फळ्यावर घ्यावं. त्याला पाच मिनिटं लागतात.

'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' याचं काय करायचं?

टुणुक टुणुक तसंच ठेवा.

बऱ्याच जणांना पहिल्यांदा 'रोल, पम्पकिन, रोल' सुचतं. ते तीन ठोक्यांत संपतं, मूळ ओळ चार ठोक्यांची आहे. त्याहून मोठी अडचण म्हणजे 'रोल'मध्ये भोपळा घरंगळतो. आपला भोपळा घरंगळत नाही, तो उड्या मारत जातो. टुणुक हा उडीचा आवाज आहे. चेंडूही टुणकन उडतो, घरंगळताना तो टुणुक करत नाही. म्हणून: 'हॉप अलाँग, पम्पकिन, टुणुक टुणुक!' चार ठोके, उडीही शाबूत.

इंग्रजी वाचकाला टुणुकचा अर्थ सांगायची गरज नाही. शेजारी उडणाऱ्या भोपळ्याचं चित्र आहे आणि आधी 'हॉप' आलेलं आहे. स्पेलिंगचा मात्र विचार करा. एकेरी यू वापरला तर मूल 'ट्यूनक' वाचण्याची शक्यता असते. टी नंतर दुहेरी ओ लिहिला तर 'टू' थोडा लांबतो, पण शब्द मोडत नाही. मी दुहेरी ओ घेतो.

आता वाघ विचारतो, 'म्हातारी पाहिलीस का?' आणि भोपळ्यातून उत्तर येतं, 'कशाची म्हातारी, कशाची कोतारी!' कोतारी या शब्दाला काहीच अर्थ नाही. म्हातारीला चिकटलेली ती नुसती प्रतिध्वनी आहे, आणि सगळी गंमत त्यातच आहे. इंग्रजीत तसा निरर्थक जोडशब्द बनवून पाहिला, पण तो कानाला परका लागतो. शेवटी प्रतिध्वनी म्हातारीवरून काढली आणि प्रश्नावर ठेवली: 'व्हॉट ग्रॅनी? विच ग्रॅनी? नो ग्रॅनी हिअर! हॉप अलाँग, पम्पकिन, टुणुक टुणुक!' कोतारी गेलीच. तिचं दुःख आहे, पण उपाय नाही.

म्हातारी खोटं बोलते. शाळेच्या पुस्तकात हे चालेल का?

हा प्रश्न पुस्तक तपासणारे हमखास विचारतात, आणि उत्तर एका इंग्रजी शब्दावर ठरतं. तो शब्द आहे 'प्रॉमिस'.

मूळ मराठी पुन्हा वाचा. म्हातारी शपथ घेत नाही, वचन देत नाही. ती जाईन म्हणते आणि जाते. खाईन म्हणते आणि खाते. जाडजूड होईन म्हणते, होते. उरतं 'मग मला खा'. ही तिने दिलेली मुभा आहे. ती पकडणं वाघाचं काम, आणि ते त्याला जमत नाही. दुबळ्या माणसाने बळजबरी करणाऱ्यासमोर वेळ मागून घेतला आणि अक्कल वापरून सुटका करून घेतली, एवढंच या गोष्टीचं तात्पर्य आहे.

आता इंग्रजी करणारा सहजच एक वाक्य घालतो: 'आय प्रॉमिस आय'ल कम बॅक.' झालं. त्या क्षणी गोष्ट युक्तीची राहत नाही, वचनभंगाची होते. हुशार मूल विचारतं की म्हातारीने प्रॉमिस का मोडलं, आणि शिक्षकाकडे उत्तर नसतं, कारण ते प्रॉमिस मुळात नव्हतंच. म्हणून वरच्या कडव्यात 'यू कॅन ईट मी' आहे. 'कॅन'मध्ये मुभा आहे, हमी नाही. 'यू विल ईट मी' लिहू नका, आणि 'आय'ल कम बॅक टु यू' तर नकोच.

वचन पाळण्याची गोष्ट हवी असेल तर आपल्याकडे बहुला गाय आहे. वासराला पाजून परत येते असं वाघाला सांगून ती जाते आणि खरंच परत येते. तिथे 'प्रॉमिस' शब्द लिहायलाच हवा, तोच त्या गोष्टीचा कणा आहे. दोन्ही गोष्टी वर्गात शेजारी ठेवल्या तर फारच छान चर्चा होते. पण त्यांची भाषा मिसळू नका.

शेवटी 'मॉरल ऑफ द स्टोरी' अशी चौकट द्यावी का?

माझं मत, देऊ नये. घरी आजी ही गोष्ट सांगते तेव्हा शेवटी 'यावरून काय बोध घ्यावा' असं म्हणत नाही. भोपळा दाराशी येतो, म्हातारी बाहेर येते, गोष्ट संपते. चौकट दिली की मूल परीक्षेसाठी तेवढीच पाठ करतं.

प्रकाशकाचा आग्रह असेल तर चौकटीऐवजी स्वाध्यायात एक प्रश्न घाला: 'वाघ म्हातारीपेक्षा ताकदवान होता. मग तो का हरला?' उत्तर इंग्रजीत एका वाक्याचं आलं तरी पुरे.

प्राणी कोणते घ्यावेत आणि किती?

तीनच. दोनांत ठेका बसत नाही आणि चौथ्याला मुलं कंटाळतात.

कोल्हा म्हटलं की हात आपोआप 'फॉक्स' लिहितो. पण कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. 'फॉक्स' मुलांना आधीपासून येतो हा त्याचा फायदा, तरी मी 'जॅकल' घेतला. एक तर ते बरोबर आहे. दुसरं म्हणजे 'वेट, जॅकल, वेट' आणि 'वेट, टायगर, वेट' एकाच मापाचे होतात. काही घरांत सिंह येतो. तो सह्याद्रीच्या रानात नसतो, म्हणून त्याच्या जागी अस्वल घेतलं. 'बेअर' एका अक्षराचा, म्हणून त्याला 'बिग बेअर' केलं आणि माप भरलं.

क्रमाकडे लक्ष द्या. जाताना कोल्हा, अस्वल, वाघ असे भेटले तर येताना आधी वाघ, मग अस्वल, शेवटी कोल्हा भेटायला हवा. तोंडी सांगताना कोणी मोजत नाही, पण चित्रांच्या पुस्तकात मुलं पानं मागे उलटून पाहतात. उलट्या क्रमाचा दुसरा फायदा असा की सगळ्यात धूर्त प्राणी घराजवळ, शेवटी येतो, आणि तिथे ताण आपोआप वाढतो.

'चालता चालता तिला भेटला वाघ' यातली मजा इंग्रजीत येत नाही. का?

कारण मराठीत वाघ वाक्याच्या शेवटी आहे. 'अ टायगर मेट हर' लिहिलं की वाघ पहिल्याच शब्दात येऊन जातो, घाबरायला काही उरत नाही. इंग्रजीतही वाघाला शेवटी ढकलता येतं. 'शी वॉक्ड अँड शी वॉक्ड, अँड हू डिड शी मीट?' इथे पान संपवा. पुढच्या पानावर एकच शब्द: 'अ टायगर!'

तोंडी गोष्टीत ऐकणारा 'हं' म्हणतो आणि सांगणारा त्या हुंकारासाठी थांबतो. पुस्तकात तो हुंकार म्हणजे पान उलटणं. म्हणून मजकूर लिहितानाच पानांची वाटणी करा, नंतर मांडणी करणाऱ्यावर सोडू नका. मी एकदा सोडली होती. प्रश्न आणि वाघ एकाच पानावर आले, वर मोठ्ठं वाघाचं चित्र.

'चालता चालता'साठी 'व्हाइल वॉकिंग' नको. ते सूचनाफलकासारखं वाटतं. क्रियापद दोनदा म्हणणं इंग्रजी बालकथेतही चालतं, म्हणून 'वॉक्ड अँड वॉक्ड'.

एकूण मजकूर किती असावा?

माझा मसुदा ४२० शब्दांचा झाला. म्हातारीवर फसवणुकीचा आळ आधीच आहे, त्यात हा आकडा यावा हा निव्वळ योगायोग. म्हातारीचं कडवं 'वेट, टायगर, वेट' धरून २४ शब्दांचं, ते तीनदा येतं, 'बिग बेअर'च्या वेळी एक शब्द जास्त, म्हणजे ७३. भोपळ्याचं उत्तर १२ शब्दांचं, तेही तीनदा, म्हणजे ३६. दोन्ही मिळून १०९, साधारण पाव भाग. याचा अर्थ या दोन्हींखेरीज मजकूर ३११ शब्दांचाच, बाकीचं दुसऱ्या खेपेला पाठ झालेलं असतं.

संपादक इथे कात्री घेऊन येतात. 'तेच तेच तीनदा कशाला? दुसऱ्यांदा नुसतं शी सेड द सेम थिंग लिहा.' ऐकू नका. मूल आत्मविश्वासाने वाचतं ते नेमकं तेवढंच. जागा कमी असेल तर रानाचं वर्णन काढा.

घी, रोटी हे शब्द इंग्रजीत समजावून सांगावेत का?

नाही. 'घी' इंग्रजी शब्दकोशात आहे, 'रोटी'ही आहे. 'क्लॅरिफाइड बटर' लिहिलं तर मराठी मुलाला स्वतःच्या घरचं तूप ओळखू येणार नाही.

भोपळ्यासाठी 'पम्पकिन'च घ्या. 'गोर्ड' मुलांना माहीत नसतो आणि एका अक्षराचा असल्यामुळे ठेक्यातही बसत नाही. चित्रकाराला मात्र आधी सांगा, नाहीतर डोळे-दात कोरलेला परदेशी भोपळा येतो. बाहेरून अखंड दिसणारा, म्हातारी मावेल एवढा मोठा लाल भोपळा हवा.

मसुदा जमला की नाही, कसं ओळखायचं?

दोन गोष्टी करा. वर्गात मोठ्याने वाचा, 'आता माझ्याबरोबर म्हणा' असं सांगू नका. भोपळा दुसऱ्यांदा बोलतो तेव्हा काही मुलं पुटपुटायला लागतात, तिसऱ्यांदा निम्मा वर्ग तुमच्याबरोबर म्हणतो. तिसऱ्यांदाही शांतता असेल तर ओळ चुकली आहे. बहुतेक वेळा एखादं अक्षर जादा असतं. मुलं जिथे अडखळतात तिथेच ते सापडतं.

दुसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी. एखाद्या मुलाला ती इंग्रजी गोष्ट मराठीत सांगायला लावा. त्याने म्हातारीला हुशार म्हटलं तर तात्पर्य पोचलं. लबाड म्हटलं तरी हरकत नाही, आपल्याकडे लबाड शब्दात थोडं कौतुकही असतं. खोटारडी म्हटलं तर मसुद्यात कुठेतरी 'प्रॉमिस' शिरलेलं आहे, शोधा.

लोककथेवर हक्क कोणाचा? परवानगी लागते का?

लोककथा कोणाचीच नसते, पण तिचं विशिष्ट कथन लेखकाचं असतं. भारतात ते लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षित असतं. म्हणून छापील पुस्तक समोर ठेवून इंग्रजी करू नका. घरात, शेजारी, दोन-तीन जणांकडून गोष्ट ऐका, फरक टिपून घ्या आणि स्वतःचं कथन लिहा. शीर्षकाखाली 'पुनर्कथन' म्हणून तुमचं नाव येईल, 'लेखक' म्हणून नाही. आणि जिच्याकडून गोष्ट ऐकली त्या आजीला छापलेली प्रत नेऊन द्या. ती 'कोतारी कुठे गेली?' असं विचारेल, उत्तर तयार ठेवा.